चेहरा कुणाचा, धड कुणाचं, बघणार कोण?

होस्टेलवर कुणाचा वाढदिवस असला की रात्री बाराच्या ठोक्याला ग्रुपवर एक फोटो पडतोच. डोकं बर्थडे बॉयचं आणि खाली धड एखाद्या साऊथच्या हिरोचं. आपण हसतो, पुढे ढकलतो आणि विसरून जातो. या प्रकाराला सगळे ‘फेस स्वॅप’ म्हणतात. पण हेच काम पैसे घेऊन, बिल फाडून, प्रिंट काढून देणारी माणसंही आहेत, आणि ती म्हणजे आपल्या गावोगावचे फोटो स्टुडिओवाले. त्यांच्यासाठी हा विषय निव्वळ गमतीचा राहत नाही, कारण फोटोचं पुढे काही भलतंच झालं तर ‘बनवला कुणी?’ हा प्रश्न त्यांच्याच काउंटरवर येतो.

माझ्या मामाचा तालुक्याच्या गावी स्टुडिओ आहे. सुट्टीत मी तिथे काउंटरवर बसते. पासपोर्ट साईज, लग्नाचे करिझ्मा अल्बम, श्रद्धांजलीचे फोटो, वाढदिवसाचे फ्लेक्स अशी सगळी कामं तिथे चालतात. गेल्या दोन-तीन वर्षांत चेहरा बदलून मागणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की मामाने त्यासाठी एक वेगळा फॉर्म छापून घेतला. ऑर्डर घ्यायच्या आधी सात प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहायची, खाली गिऱ्हाइकाची सही घ्यायची. या लेखात तो फॉर्म आणि त्यामागची कारणं सांगणार आहे. आपल्यापैकी बरेच जण फावल्या वेळात एडिटिंगची कामं घेतात, त्यांनाही हे उपयोगी पडेल.

आधी काम समजून घेऊ

चेहरा बदलण्याची गरज काही आजची नाही. ग्रुप फोटोत एकाचे डोळे मिटलेले असतात, म्हणून त्याच ग्रुपच्या दुसऱ्या फोटोतून त्याचं डोकं उचलून बसवायचं, हे काम फोटोशॉप आल्यापासून सगळे स्टुडिओ करत आले आहेत. यात माणूस तोच, प्रसंग तोच आणि जागाही तीच असते, म्हणून कुणाचीच तक्रार नसते.

दुसरा प्रकार म्हणजे जो माणूस प्रसंगाला नव्हता त्याला तिथे आणणं. वारलेले वडील लग्नाच्या फोटोत हवेत, दुबईला असलेला भाऊ मुंजीच्या फोटोत हवा. तिसरा प्रकार म्हणजे एकाचा चेहरा दुसऱ्याच्याच शरीरावर. आणि चौथा, सगळ्यांत फसवा प्रकार, म्हणजे दोन माणसांचे चेहरे मिसळून मधलाच एक चेहरा तयार करणं. त्याबद्दल पुढे येईलच.

तंत्राबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती गिऱ्हाइकालाही सांगावी लागते. लॅपटॉपवर चालणाऱ्या फुकटच्या फेस स्वॅप प्रोग्रॅमपैकी बरेच जण आतून `inswapper_128` नावाचं मॉडेल वापरतात. नावातल्या १२८ चा अर्थ असा की ते चेहरा १२८ बाय १२८ पिक्सेलचाच तयार करतं. मोबाईलच्या स्क्रीनवर ते छान दिसतं. पण १२ बाय १८ इंचांची प्रिंट ३०० डीपीआयने काढायची झाली, तर त्यात दीड इंच उंचीचा चेहरा ४५० पिक्सेलचा लागतो. म्हणजे चेहरा साडेतीन पट ताणावा लागणार. ताणला की धूसर होतो, म्हणून वर आणखी एक प्रोग्रॅम चालवून पापण्या, दात, कातडीचा पोत भरतात. हा भरलेला तपशील अंदाजाने बनवलेला असतो, त्या माणसाचा नसतो. फोटो चकाचक येतो आणि घरचे म्हणतात, “सुंदर आहे, पण हे आमचे बाबा नाहीत.” शिवाय या मॉडेलचं लायसन्स बिगर-व्यावसायिक संशोधनापुरतंच आहे, पैसे घेऊन करायच्या कामाला ते चालत नाही. म्हणून मामा जुन्या फोटोतला खरा चेहरा घेऊन हातानेच बसवतो. वेळ जातो, पण जे दिसतं ते त्या माणसाचंच असतं.

तीन माणसं, दोन कसोट्या

काउंटरवर उभं असतं एकच माणूस, पण ऑर्डरमध्ये माणसं किमान तीन असतात: ज्याचा चेहरा वापरायचा तो, ज्याचं धड किंवा मूळ फोटो वापरायचा तो, आणि जो हा फोटो पुढे बघणार तो. बहुतेक वेळा या तिघांपैकी कुणीच दुकानात आलेलं नसतं. आलेला असतो चौथाच. फॉर्मचं सगळं काम म्हणजे या गैरहजर तिघांच्या वतीने प्रश्न विचारणं.

त्यासाठी कसोट्या दोन. पहिली संमतीची: ज्याचा चेहरा आहे त्याला हे माहीत आहे आणि चालणार आहे का? दुसरी फसवणुकीची: बघणाऱ्याने हा फोटो खरा मानला तर त्याचा कुठलातरी निर्णय बदलेल का? या दोन कसोट्या वेगवेगळ्या आहेत आणि दोन्हींत पास व्हावं लागतं. एक पास झाली म्हणून दुसरी माफ होत नाही. सरांचा चेहरा पैलवानाच्या धडावर बसवला तर फसणार कुणीच नाही, पण सरांना ते अपमानाचं वाटू शकतं. उलट, स्वतःचाच चेहरा पोलिसाच्या वर्दीवर बसवून मागणाऱ्याची संमती शंभर टक्के आहे, पण ज्याला तो फोटो दाखवून दम देणार तो फसणार आहे.

फॉर्मवरचे सात प्रश्न

१. फोटो कशासाठी हवा आणि कुठे जाणार? इथे “घरच्यासाठी” एवढं उत्तर चालत नाही. भिंत, अल्बम, फ्लेक्स, स्टेटस, बायोडाटा, एखादा फॉर्म, एखादं ऑफिस, यांपैकी नेमकं काय ते लिहायचं.

२. चेहरा कुणाचा, वय किती, आणि तो तुमचा कोण? माणूस हयात असेल तर त्याच्याशी काउंटरवरूनच बोलायचं, शक्यतो व्हिडिओ कॉलवर, म्हणजे फोटोतला चेहरा आणि बोलणारा एकच आहे हे दिसतं. वारलेला असेल तर नवरा, बायको किंवा मुलांपैकी कुणाचा तरी होकार घ्यायचा. लहान मूल असेल तर आई किंवा वडील स्वतः हजर हवेत.

३. धड कुणाचं, आणि मूळ फोटो कुणी काढला? घरच्या लग्नाचा फोटो असेल तर फारशी अडचण येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाराच असतो. पण नेटवरून उतरवलेलं मॉडेलचं किंवा नटाचं धड हा वेगळा विषय आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभिनेते अनिल कपूर यांचं नाव, आवाज आणि छबी परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला मनाई करणारा आदेश दिला, आणि त्यात तंत्राने बनवलेल्या छबीही धरल्या. म्हणून दुकानाच्या जाहिरातीच्या फ्लेक्सवर नट बसवून मागितला की मामा हात जोडतो.

४. बघणाऱ्याला हा फोटो खरा वाटला तर कुणाचं काय बदलेल? फॉर्ममधला हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. गिऱ्हाईक इथे थोडं गोंधळतं, म्हणून मामा तो सोपा करून विचारतो, “हा फोटो बघून कुणी पैसे, नोकरी, मुलगी, जमीन किंवा प्रवेश देणार आहे का?” उत्तर “नाही” आलं आणि पहिल्या प्रश्नाच्या उत्तराशी जुळलं तर पुढे जायचं.

५. प्रिंट हवी की फाईल, आणि साईज काय? हा प्रश्न वरवर साधा वाटतो, पण माणसाचा खरा हेतू बऱ्याचदा इथेच कळतो. भिंतीवर लावणारा इंच सांगतो. फॉर्म भरणारा केबी सांगतो.

६. फोटो बदललेला आहे ही खूण कुठे राहील? प्रिंटच्या मागे शिक्का: ‘जोडफोटो’, तारीख आणि ऑर्डर नंबर. फाईल दिली तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत तेच. फाईलच्या आत मेटाडेटामध्ये लिहूनही ठेवतात, पण व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ती माहिती गळून पडते, म्हणून डोळ्यांना दिसणारी खूण हवीच. जो माणूस “खूण अजिबात नको, मागेसुद्धा नको” म्हणून अडून बसतो, त्याला प्रश्न ४ पुन्हा विचारायचा.

७. मूळ फोटो आणि तयार फाईल किती दिवस ठेवायच्या? मामाकडे ३० दिवस, नंतर पुसून टाकतात. फॉर्म मात्र एक वर्ष फाईलला असतो. चेहऱ्यांचे फोटो कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं पडून राहिले तर उद्या दुकानातला एखादा पोऱ्याच त्यांचा गैरवापर करू शकतो.

एक ऑर्डर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

नुसते प्रश्न वाचून अंदाज येत नाही, म्हणून एक ऑर्डर सविस्तर सांगते. एक मुलगा आला. बहिणीचं लग्न झालं होतं, वडील २०२१ मध्ये वारलेले. स्टेजवरच्या फॅमिली फोटोत वडील आईच्या शेजारी उभे हवेत, १२ बाय १८ ची फ्रेम, घरात लावायला. आईला सरप्राईज द्यायचं होतं.

पहिला प्रश्न सुटला: भिंत. चौथाही सुटला: घरातल्या सगळ्यांना माहीत आहे की वडील लग्नाला नव्हते, तेव्हा फसणार कुणी नाही. अडलं दुसऱ्या प्रश्नावर. मुलगा स्वतः वारस आहे, त्याचा होकार पुरेसा आहे. पण फोटो रोज बघणार आहे आई, आणि तिला विचारलेलंच नाही. मामाचं म्हणणं असं की वारलेल्या माणसाचं सरप्राईज द्यायचं नसतं. काहींना ते बघून बरं वाटतं, काहींना जखम उघडल्यासारखं होतं, आणि कुणाला काय होईल हे फोटोवाल्याला सांगता येत नाही. तेव्हा आईला नाही तर निदान बहिणीला विचार, म्हणून तिथूनच फोन लावला. बहीण आधी गप्प झाली, मग म्हणाली, “करा, पण फेटा नको. बाबांनी आयुष्यात फेटा बांधला नाही. आणि आईला मी आधी सांगते.” दुसऱ्या दिवशी आईचा होकार आला.

तिसरा प्रश्न: धड कुणाचं? स्टेजवर काका उभे होते, बांधा वडिलांसारखाच. काकांचा वेगळा एक फोटो होता, त्यातलं धड घ्यायचं ठरलं. काकांना विचारलं, ते आनंदाने तयार झाले.

मग चेहऱ्याचा फोटो निवडणं. मुलाने तीन आणले होते. आधारची झेरॉक्स, ती बादच. दशक्रियेला लावलेला हाराचा फोटो, पण तो आधीच कुणीतरी इतका गुळगुळीत केला होता की चेहऱ्यावर सुरकुती म्हणून राहिली नव्हती. तिसरा २०१७ च्या सत्यनारायणाच्या पूजेतला, मोबाईलवर काढलेला. त्यात उजेड डावीकडून येत होता आणि स्टेजवरही मोठा लाईट डावीकडेच होता. चेहरा साधारण ४०० पिक्सेल उंच होता, म्हणजे ताणायची जवळजवळ गरजच नव्हती. तो घेतला. उजेडाची दिशा उलटी असेल तर कितीही सफाईने बसवा, चेहरा चिकटवल्यासारखाच दिसतो, हे तुम्हीही कुठल्याही जोडफोटोत पडताळून बघा. नाकाची सावली एकीकडे आणि मानेची दुसरीकडे असेल तर समजायचं.

फ्रेम दिली, मागे शिक्का मारला. ऑर्डर संपली.

आता हाच फोटो घ्या, एक पिक्सेलही न बदलता, आणि फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर बदला. समजा, एखादा माणूस म्हणाला, “वडील त्या तारखेला इथे होते, ठणठणीत होते, एवढं दिसलं पाहिजे. जमिनीच्या केसमध्ये वकिलाला द्यायचाय.” काम तेच, मेहनत तीच, पण आता हा कोर्टासाठी बनवलेला खोटा पुरावा झाला. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ मध्ये न्यायालयीन कामासाठी खोटा पुरावा तयार करण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे ऑर्डर चांगली की वाईट हे फोटोकडे बघून कधीच ठरत नाही. ते ठरतं फोटो कुठे जाणार यावरून. म्हणून तो प्रश्न पहिला.

नाही म्हणायच्या ऑर्डरी

फॉर्मच्या मागच्या बाजूला नकाराची यादी आहे. तिथे चर्चा नाही, जास्त पैसे नाहीत, ओळख नाही.

*फॉर्म आणि ओळखपत्रं.* परीक्षा, पासपोर्ट, लायसन्स, नोकरीचा अर्ज, यांच्या फोटोत चेहऱ्याला हात लावायचा नाही. बॅकग्राऊंड पांढरं करणं, उजेड नीट करणं, कापणं एवढंच. डोळे मिटले असतील तर पुन्हा काढायचा.

इथे तो चौथा प्रकार येतो, दोन चेहरे मिसळायचा. तो का चालतो हे समजण्यासारखं आहे. चेहरा ओळखणारं मशीन दोन फोटो एकसारखे आहेत का ते बघत नाही. ते प्रत्येक चेहऱ्याचे आकडे काढतं आणि दोन फोटोंच्या आकड्यांतलं अंतर एका ठरावीक मर्यादेच्या आत आहे का एवढं बघतं. मर्यादा सैल ठेवावीच लागते, कारण तोच माणूस दाढी वाढवतो, जाड होतो, म्हातारा होतो. आता ‘अ’ आणि ‘ब’ यांच्या बरोबर मधला चेहरा बनवला, तर त्याचं अंतर दोघांपासून निम्मंच राहतं आणि दोघंही मर्यादेच्या आत बसू शकतात. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे पासपोर्टच्या संदर्भात दाखवून दिलं. २०१८ मध्ये जर्मनीतल्या एका कार्यकर्त्यांच्या गटाने त्यांच्यातल्या एकीचा चेहरा युरोपीय संघाच्या तेव्हाच्या परराष्ट्र धोरण प्रमुख फेदेरिका मोगेरिनी यांच्या चेहऱ्यात मिसळला आणि त्या फोटोवर खराखुरा पासपोर्ट मिळवला. आपल्याकडे हीच युक्ती डमी उमेदवार बसवणारे वापरतात: फॉर्मवर मधला चेहरा, परीक्षेला दुसराच माणूस.

काउंटरवर हे ओळखायचं कसं? गिऱ्हाईक दोन वेगवेगळ्या माणसांचे फोटो देतं आणि तयार फोटो एकच मागतं. पांढरं बॅकग्राऊंड मागतं. आणि साईज विचारली की इंच सांगत नाही, “२० ते ५० केबीमध्ये बसला पाहिजे” म्हणतं. भिंतीवर लावायच्या फोटोला केबीचं बंधन कशाला असेल? केबी म्हणजे ऑनलाईन फॉर्म. कारण विचारलं तर “भावाचा चेहरा जरा माझ्यासारखा करा, फोटो चांगला येत नाही त्याचा” अशी काहीतरी गोष्ट असते. सार्वजनिक परीक्षांमधल्या गैरप्रकारांवरचा केंद्राचा कायदा जून २०२४ मध्ये लागू झाला. केंद्राच्या परीक्षांमधल्या गैरप्रकारांना त्यात तीन ते पाच वर्षांची कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि त्याचा रोख परीक्षेला बसणाऱ्यापेक्षा त्याला मदत करणाऱ्यांवर आहे. मदत करणाऱ्यांत फोटोवालाही धरला जाऊ शकतो.

*गैरहजर मुलीचा जोडीफोटो.* आपल्या वयाच्या मुलांकडून सगळ्यांत जास्त येणारी आणि नाकारलेली ऑर्डर ही. इन्स्टावरून घेतलेला मुलीचा फोटो, स्वतःचा फोटो, आणि “दोघं शेजारी बसलेले दाखवा, गिफ्ट द्यायचंय.” मामा म्हणतो, “छान. तिला फोन लाव, तिने हो म्हटलं की उद्या देतो.” फोन जवळजवळ कधीच लागत नाही. प्रत्येक मुलगा वाईट हेतूनेच येतो असं मी म्हणत नाही. काही जण खरोखर भोळे असतात. पण तो फोटो एकदा तयार झाला की भांडण झाल्यावर तो मुलीच्या वडिलांच्या मोबाईलवर जाऊ शकतो, ठरलेलं लग्न मोडू शकतो, आणि “हे एडिट केलेलं आहे” हे सिद्ध करायचं काम त्या मुलीवर येतं, जिने काहीच केलेलं नाही. तिचं कॉलेजसुद्धा बंद होऊ शकतं. बदनामीसाठी बनावट इलेक्ट्रॉनिक नोंद करण्याला न्याय संहितेच्या कलम ३३६ मध्ये तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण त्या मुलीचं गेलेलं वर्ष शिक्षेने परत येत नाही, म्हणून फोटो तयारच न होणं हा खरा उपाय.

*अश्लील किंवा कमी कपड्यांतला.* इथे हेतू विचारायचाच नाही. जोक असो, बेट असो, नकार. नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्या एका तरुणीच्या व्हिडिओवर बसवून पसरवला गेला, तेव्हा देशभर गाजावाजा झाला. नटीचं निदान लोक ऐकतात. होस्टेलवरच्या मुलीचं कोण ऐकणार? असं लैंगिक साहित्य नेटवर टाकण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ खाली पहिल्या गुन्ह्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

*लहान मुलं.* मुलाचा चेहरा बाळकृष्णाच्या पोशाखावर बसवून मागणारे आई-बाप येतात, ते काम आम्ही हसत करतो. पण मुलाचा फोटो कुणी तिऱ्हाईत घेऊन आला तर नाही. आणि मुलाबाबत अश्लील काही दिसलं तर नुसता नकार देऊन चालत नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम २० मध्ये हॉटेल, लॉज, हॉस्पिटल यांच्या जोडीने स्टुडिओ आणि फोटोचं काम करणाऱ्या जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. असं काही समोर आलं तर पोलिसांना कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. ही गोष्ट कित्येक स्टुडिओवाल्यांना माहीतच नसते.

*वर्दी आणि नेते.* पोलीस किंवा सैन्याच्या वर्दीवर चेहरा नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो हवा असेल तर मुलाला ड्रेस घालून आणा, खरा फोटो काढून देतो. फ्लेक्सवर नेत्याचा वेगळा फोटो वर चौकटीत टाकणं ही आपली नेहमीची पद्धत आहे, त्यातून कुणी फसत नाही. पण नेत्याने खांद्यावर हात ठेवलाय असं दाखवा म्हटलं की नकार, कारण उद्या तोच फोटो दाखवून “साहेबांशी घरोबा आहे, बदलीचं काम करून देतो” म्हणून पैसे उकळता येतात.

नाही म्हणायचं कसं

हे सगळं ठीक, पण गावात धंदा करायचा तर गिऱ्हाइकाला तोंडावर चोर म्हणून चालत नाही. मामाचं एक ठरलेलं वाक्य आहे: “तुमच्यावर शंका नाही, पण या प्रकारचं काम दुकानात होत नाही, फॉर्मवर छापलेलंच आहे.” नकार माणसाला नाही, कामाला. छापलेला कागद इथे फार उपयोगी पडतो, कारण वाद फोटोवाल्याशी न होता कागदाशी होतो. शक्य असेल तिथे दुसरा रस्ता सुचवायचा: जोडीफोटो हवा तर दोघं या, फॉर्मचा फोटो बिघडलाय तर आत्ता नवा काढू. दिलेले फोटो गिऱ्हाइकासमोर पुसायचे आणि रजिस्टरमध्ये तारीख आणि ‘नकार, कारण अमुक’ एवढी एक ओळ लिहायची. पण मामला मुलाच्या अश्लील फोटोचा असेल तर पुसापुशी करत बसायचं नाही, कुठे पाठवायचं नाही, थेट पोलिसांना कळवायचं.

आणि तुमच्यापैकी कुणाचा असा फोटो दुसऱ्याने बनवून फिरवला असेल तर लिंक, तारीख आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि cybercrime.gov.in वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा. घाबरून सगळं डिलीट केलं तर पुरावाही जातो.

फॉर्मने काय होत नाही

आता तुम्ही म्हणाल, स्टुडिओने नाही म्हटलं तर तो मुलगा मोबाईलवर फुकटात करेल. करेलच. खोटं बोलणारा माणूस फॉर्मवरही खोटंच लिहील, आणि फोनवर “मीच ती” म्हणायला मैत्रिणीला बसवेल. सात प्रश्नांनी हे थांबत नाही. घरच्या भिंतीसाठी म्हणून नेलेली फ्रेम स्कॅन करून कुणी कोर्टात लावली तर स्टुडिओवाल्याला ते कळणारही नाही.

पण दोन गोष्टी नक्की होतात. भोळेपणाने आलेला माणूस “बघणाऱ्याला खरा वाटला तर काय होईल?” या प्रश्नावर क्षणभर थांबतो, आणि काही जण तिथूनच ऑर्डर परत घेतात. आणि पुढे खरंच काही झालं तर कुणी काय सांगून फोटो नेला हे सहीसकट कागदावर असतं. मागचा शिक्का आणि ऑर्डर नंबर सांगतो की हा जोडफोटो आहे, आणि तो कुठल्या तारखेला, कशासाठी बनला. वर्षभर जपलेला तो एक कागद ज्याचा चेहरा वापरला गेला त्याच्या उपयोगी पडतो आणि फोटोवाल्याच्याही.

(तृतीय वर्ष, माहिती तंत्रज्ञान)